मदत हवी आहे: ०.१ तासाचं बिलिंग, दोन मिनिटांच्या ईमेलचं काय करायचं?

रात्रपाळी_पुणे
जरा लवकर सांगा. अमेरिकेतल्या एका लॉ फर्मसाठी पुण्यातून पॅरालीगलचं काम करते. टाइमशीट ०.१ च्या पटीत भरायची असते. दिवसभर दोन-दोन मिनिटांची कामं येतात. प्रत्येकाला ०.१ लावलं की 'फुगवलंय' म्हणून शीट परत येते, आणि सोडून दिलं तर आठ तास राबून शीटवर साडेपाचच दिसतात. नेमकं काय करायचं? आज रात्री शीट द्यायची आहे.

वाशीकर
०.१ म्हणजे १० मिनिटं ना? मग दोन मिनिटांना ०.०२ लिहा. सोपं आहे.

जर्सीचा_वकील
वाशीकर, तासाचा दहावा भाग म्हणजे ६ मिनिटं. १० मिनिटांचं ०.१० लिहिणारे आमच्याकडेही निघतात, त्यात फर्मचीच ४ मिनिटं बुडतात.
ताई, ही कामं एकाच केसची की वेगवेगळ्या? टायमर प्रत्येक नोंद वर नेतो की दिवसाची बेरीज? आणि क्लायंटने बिलिंगचे नियम दिलेत का?

रात्रपाळी_पुणे
केसेस दोन्ही प्रकारच्या, हे उघड आहे ना. टायमर प्रत्येक नोंद वर नेतो. नियम मला कुणी दाखवलेले नाहीत. कालची एक केस: समोरच्या वकिलाचा साक्षीच्या तारखेबद्दल ईमेल वाचला, १ मिनिट. उत्तर, २. कोर्ट रिपोर्टरला तारीख विचारायला फोन, ३. पुन्हा उत्तर, २. शीटवर ०.४ आलं.

ठाण्याचा_सीए
बरोबरच आलं की! १ मिनिट असो वा ६, किमान युनिट ०.१. अमेरिकन बार असोसिएशनची परवानगी आहे. घाबरू नका.

जर्सीचा_वकील
सीएसाहेब, अर्धंच सांगितलंत. १९९३ च्या ९३-३७९ क्रमांकाच्या मतात किमान युनिटपर्यंत वर नेण्याची मुभा आहे. पण प्रत्यक्ष लागला त्याहून जास्त वेळ लावायचा नाही, हा मूळ नियमही त्याच मतात आहे. एका कामाचे चार तुकडे करून चारदा वर न्यायला ती मुभा नाही.
ताईंची बेरीज ८ मिनिटं. ०.४ म्हणजे २४ मिनिटांचं बिल, तिप्पट. एकाच केसची, एकाच विषयाची मिनिटं दिवसभर कच्ची टिपायची आणि रात्री एकदाच वर न्यायची: ०.२. तपशिलात 'साक्षीच्या तारखेबाबत समोरच्या वकिलाशी ईमेल, रिपोर्टरला फोन' असं लिहा. विषय एकच आहे म्हणून हे चालतं. त्याच ओळीत अर्जाचा मसुदाही घुसडलात तर कोर्ट ब्लॉक बिलिंग म्हणून कापतं. काही क्लायंटना ईमेल आणि फोनच्याही वेगळ्या ओळी लागतात, म्हणून नियम मागवून घ्या.
टायमरमध्ये नोंदीऐवजी बेरजेवर राउंडिंग करायची सोय आहे का बघा. नसेल तर साधी वही.

रात्रपाळी_पुणे
आणि दहा वेगळ्या क्लायंटना एकेक मिनिट दिलं तर? १० मिनिटांत १ तास?

ठाण्याचा_सीए
हो. प्रत्येकाचा ०.१ वेगळा. यात तरी तुमचं मत सांगा वकीलसाहेब.

जर्सीचा_वकील
कागदोपत्री बसतं. पण 'मिळाला, धन्यवाद' एवढ्या ईमेलला मी शून्य रक्कम लावतो. ओळ ठेवतो, म्हणजे काम झालेलं दिसतं. विचार करून दिलेल्या दोन ओळींच्या उत्तराला ०.१ लावतो. आमच्याच ऑफिसात यावर दोन मतं आहेत.

लेस्टरची_सून
इकडे इंग्लंडमध्ये हे भांडणच नाही! कोर्टात खर्च ठरतो तेव्हा नेहमीचं पत्र किंवा ईमेल पाठवला की ६ मिनिटांचं एक युनिट. आलेलं पत्र वाचण्याचा वेळ त्यातच धरतात, वेगळा मागायचा नाही.

जर्सीचा_वकील
ताई अमेरिकेच्या फर्मला बिल करतायत, तो नियम त्यांना लागू नाही. पण वाचणं आणि उत्तर देणं एकत्र धरायची सवय चांगली.

नाशिकचा_डिझायनर
तासावर काम करूच नका. मी वेबसाइटचे ठरावीक पैसे घेतो, कटकट नाही.

रात्रपाळी_पुणे
दर मी ठरवत नाही हो दादा. पण वकीलसाहेब, असं एकत्र केलं तरी साडेपाचचे सहाच होतील. त्याचं काय?

जर्सीचा_वकील
उरलेल्या वेळात काय करता? फायलींना नावं देणं, स्कॅन, कॅलेंडर?

रात्रपाळी_पुणे
रोज दोनेक तास तेच.

जर्सीचा_वकील
मग तुमची गळती तिथे आहे. मिसूरी विरुद्ध जेंकिन्स, १९८९: निव्वळ कारकुनी काम कुणीही केलं तरी पॅरालीगलच्या दराने लावायचं नाही. ते तास बिलाबाहेरच्या कोडवर टाका. क्लायंटला जाणार नाहीत, पण तुमचे आठ तास दिसतील.

रात्रपाळी_पुणे
तो कोड मला उघडूनच दिलेला नाही. आता विचारते. कालची नोंद ०.२ केली.

वाशीकर
मग ७ मिनिटांचं ०.१ की ०.२?