मदत हवी आहे: फोटो काढलेल्या नोटेशनच्या पानाची संपादनयोग्य फाइल करून पट्टी बदलायची आहे

रेखांश
नमस्कार. माझ्याकडे व्हायोलिनसाठी छापलेल्या एका रचनेच्या पानाचा फोनवर काढलेला फोटो आहे. रचना ई फ्लॅट मेजरमध्ये आहे, म्हणजे प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला तीन फ्लॅट आहेत. ती मला बी फ्लॅट क्लॅरिनेटवर वाजवायची असल्यामुळे एक पूर्ण स्वर वर, म्हणजे एफ मेजरमध्ये लिहून हवी आहे. फोटो ऑडिव्हेरिसमध्ये वाचून घेतला आणि तयार झालेली MusicXML फाइल म्यूझस्कोरमध्ये उघडली. बहुतेक ओळी बरोबर आल्या आहेत, परंतु पाचव्या आणि सहाव्या ओळीच्या सुरुवातीला तीनऐवजी दोनच फ्लॅट दिसतात आणि पट्टी बदलल्यावर त्या दोन ओळींत बी फ्लॅटच्या जागी बी नॅचरल वाजतो.

म्हणून मूळ फाइलमध्ये त्या ओळींना तीन फ्लॅटची की सिग्नेचर लावून पाहिली. तेव्हा तिथल्या प्रत्येक ए स्वरापुढे नॅचरलचे चिन्ह आले, जे छापील पानावर कुठेही नाही. हे का होते आणि दुरुस्ती नेमकी कोणत्या टप्प्यावर करावी, हे कृपया सांगावे.

मंद्रमध्य
कीबोर्डवर ट्रान्सपोजचे बटण असते. ते दोन वेळा दाबले की पट्टी एक स्वर वर जाते, मग फाइल करण्याची गरजच पडत नाही. मी साथीला बसतो तेव्हा नेहमी हेच करतो.

रेखांश
आपली सूचना कीबोर्डसाठी योग्य आहे, परंतु मला क्लॅरिनेटवादकाच्या हाती द्यायला छापील पान हवे आहे.

कोमलनिषाद
उपाय सोपा आहे. MusicXML ही साधी मजकुराची फाइल असते. फाइल .mxl असेल तर ती झिपसारखी उलगडावी लागते. टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा, पाचव्या ओळीपाशी पुढील ओळ शोधा आणि उणे दोनचे उणे तीन करा.

```xml
<fifths>-2</fifths>
```

पाचरेघा
कोमलनिषाद यांनी जागा अचूक दाखवली आहे, पण तेवढ्याने काम होणार नाही, आणि रेखांश यांना नॅचरलची चिन्हे का दिसली याचे कारणही तेच आहे. कागदावर ए स्वराचा फ्लॅट ओळीच्या सुरुवातीला एकदाच लिहिलेला असतो आणि वाजवणारा तो मनात धरून चालतो. MusicXML मध्ये मात्र प्रत्येक स्वराची खरी उंची त्या स्वराजवळच नोंदलेली असते. वाचनाच्या वेळी तिसरा फ्लॅट निसटला, तेव्हाच त्या दोन ओळींतले सगळे ए नॅचरल म्हणून लिहिले गेले. आपल्याला हवा असलेला स्वर असा दिसायला हवा:

```xml
<pitch>
  <step>A</step>
  <alter>-1</alter>
  <octave>4</octave>
</pitch>
```

आपल्या फाइलमध्ये मधली `alter` ची ओळ नसणार. आता की सिग्नेचर बदलली, मग ती एडिटरमध्ये असो वा म्यूझस्कोरमध्ये, तरी स्वराची उंची आहे तशीच राहते, आणि तीन फ्लॅटच्या पट्टीत नॅचरल ए दाखवायचा तर त्यापुढे चिन्ह काढावेच लागते. प्रोग्रॅम प्रामाणिकपणे चुकीचा स्वर दाखवतो आहे.

दुरुस्ती ऑडिव्हेरिसमध्येच करणे मला सर्वांत योग्य वाटते. तिथे त्या दोन ओळींवरची दोन फ्लॅटची खूण काढून तीन फ्लॅटची ठेवा आणि पुन्हा निर्यात करा, म्हणजे स्वरांच्या उंची नव्याने काढल्या जातात. म्यूझस्कोरमध्येच राहायचे असेल तर तीन फ्लॅट लावल्यावर एका नॅचरल ए वर राइट-क्लिक करून Select → More… मध्ये त्याच नावाचे स्वर निवडा, निवड त्या दोन ओळींपुरतीच ठेवा आणि खाली जाणारा बाण एकदा दाबा. सगळे ए अर्धा स्वर उतरतात आणि चिन्हे निघून जातात. फक्त मूळ छपाईत एखादा ए मुद्दाम नॅचरल केलेला असेल, तर तो आधी वगळा.

आणखी एक विचारतो. हे पान पुस्तकाच्या उजव्या बाजूचे आहे का, आणि फोटो किती पिक्सेलचा आहे?

रेखांश
होय, उजव्या बाजूचेच आहे. फोटो मला मेसेजिंग ॲपवरून आला आहे आणि त्याची लांब बाजू 1600 पिक्सेल आहे.

पाचरेघा
मग मुळाशी फोटोच आहे. उजव्या पानाची डावी कड बांधणीत जाते, तिथे कागद वळतो, सावली पडते, आणि नेमकी तिथेच प्रत्येक ओळीची की सिग्नेचर असते. त्यात ॲपने फोटो लहान केला आहे. ए4 आकाराच्या पानावर लांब बाजूला 1600 पिक्सेल म्हणजे मिलिमीटरला सुमारे साडेपाच. पाच रेघांपैकी शेजारच्या दोन रेघांमधली जागा साधारण पावणेदोन मिलिमीटर धरली, तर तिच्या वाट्याला नऊदहा पिक्सेल येतात. वाचनासाठी वीसच्या आसपास हवेत. स्कॅनरवर 300 डीपीआयला तेवढे सहज मिळतात, आणि बारा मेगापिक्सेलच्या मूळ फोटोत पान चौकट भरून असेल तर त्यातही मिळतात. मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवा. नवा काढता येत असेल तर पुस्तक पूर्ण सपाट दाबून, कॅमेरा पानाच्या बरोबर वर धरून, प्रकाश बांधणीच्या आडवा नव्हे तर तिच्या लांबीच्या दिशेने येईल असा काढा.

कोमलनिषाद
`alter` चा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. फोटो आधी पूर्ण काळापांढरा करून दिला तर सावली जाईल ना?

पाचरेघा
सावली जाते, पण तिच्याबरोबर फ्लॅटची बारीक रेषाही तुटते. करड्या छटांमधलाच फोटो द्यावा. काळेपांढरे करण्याचे काम ऑडिव्हेरिस आजूबाजूचा उजेड पाहून स्वतः करतो आणि बहुधा अधिक चांगले करतो.

तारसप्तक
माझ्याकडे वडिलांनी हाताने लिहिलेल्या नोटेशनच्या वह्या आहेत. त्याही अशाच वाचता येतील का?

पाचरेघा
ऑडिव्हेरिस छापील नोटेशनसाठी आहे. हस्ताक्षरात स्वरांची डोकी आणि दांड्या सारख्या नसतात, त्यामुळे तपासणीत जाणारा वेळ हाताने टाइप करण्यापेक्षा जास्त होतो. मी त्या वह्या म्यूझस्कोरमध्ये थेट लिहून काढीन.

रेखांश
मूळ फोटो मागवून पुन्हा वाचन केले. सर्व ओळींत तीन फ्लॅट आले आहेत. आता पट्टी बदलण्यासाठी Tools → Transpose वापरू, की वाद्य बदलून क्लॅरिनेट करू?

पाचरेघा
दोन्हींपैकी एकच. वाद्य बदलून बी फ्लॅट क्लॅरिनेट केले आणि Concert Pitch बंद ठेवले, की पान एफ मेजरमध्ये दिसते आणि ऐकू मूळ उंचीवरच येते. Transpose मध्ये मेजर सेकंड वर घेतले आणि की सिग्नेचर बदलण्याची खूण चालू ठेवली, तर पान तेच दिसते, पण वाद्य व्हायोलिनच राहिल्याने ऐकू एक स्वर वर येते. दोन्ही केले तर पान जी मेजरमध्ये जाईल. मी वाद्य बदलणे पसंत करतो, कारण त्यानंतरही मूळ फोटोशी कानाने ताडून पाहता येते.

तरी डोळ्यांची तपासणी पट्टी बदलण्याआधीच संपवा. ई फ्लॅटमध्ये असताना पडदा आणि फोटो शेजारी ठेवून चिन्हास चिन्ह जुळवता येते. एफमध्ये गेल्यावर प्रत्येक स्वर मनात उतरवून पाहावा लागतो आणि चूक डोळ्यांआड जाते.

रेखांश
तसेच केले आणि वाद्य बदलून पान तयार झाले. एक जागा मात्र राहिली आहे. एका बारच्या शेवटी छपाईतच ए नॅचरल आहे आणि त्यावरून निघालेली कमान पुढच्या बारमधल्या पहिल्या ए पर्यंत जाते, ज्यापुढे काहीच चिन्ह नाही. वाचनात ती स्लर म्हणून आली आणि दुसरा ए फ्लॅट धरला गेला.

कोमलनिषाद
कमान एकाच रेघेवरच्या दोन स्वरांना जोडते, म्हणजे ती टायच असणार. दुसराही नॅचरल करा.

पाचरेघा
टाय असेल तर नॅचरल बाररेघ ओलांडून चालू राहतो, हे बरोबर. पण नॅचरल ए वरून फ्लॅट ए वर उतरणारा स्लरही अगदी असाच छापता येतो. साधारणतः संपादक अशा वेळी दुसऱ्या स्वरापुढे आठवणीसाठी फ्लॅट लिहितो, परंतु सगळेच लिहीत नाहीत. त्या जागी साथीच्या भागात काय आहे?

रेखांश
माझ्याकडे फक्त व्हायोलिनचे पान आहे. साथीचा भाग मिळवण्याचा प्रयत्न करतो आणि मिळाल्यावर इथेच लिहितो. तोवर त्या स्वरावर प्रश्नचिन्ह ठेवून पान वादकाकडे देतो आहे.