लायसन्सची मुदत संपली, तर भाडेकरू म्हणून राहता येतं का?

ठाणेकर: फ्लॅटचा ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार जूनअखेर संपला. मालक घर खाली करा म्हणतोय. मुलीची दहावी आहे, मार्चअखेरपर्यंत थांबायचंय. महिना १८,००० वेळेवर देतो, तो घेतोही. किल्ल्या माझ्याकडेच, मग मी भाडेकरूच ना?

कोथरूडकर: भाडेकरूच! पूर्ण ताबा तुमच्याकडे असेल तर कागदाच्या मथळ्यावर काही ठरत नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९५९ मध्येच असोसिएटेड हॉटेल्सच्या खटल्यात सांगितलंय. भाडं देताय तोवर मालकाला घराची गरज वगैरे कारण कोर्टात सिद्ध करावं लागेल. वर्षं जातात त्यात.

वकीलताई: निकाल खरा आहे, पण त्याच्या भरवशावर राहू नका. राहत्या घरासाठी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २४ आहे. लेखी लायसन्स करारात जे लिहिलंय, तोच तिथे निर्णायक पुरावा धरतात. मालकाला कारण द्यावं लागत नाही, मुदत संपली एवढं पुरतं. अर्ज सक्षम प्राधिकाऱ्याकडे जातो आणि समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन बाजू मांडायची परवानगी मागितली नाही, तर तुमचं ऐकूनच घेत नाहीत. शिवाय मुदतीनंतर दुप्पट नुकसानभरपाई लागते. जुलै ते मार्च नऊ महिने, दरमहा ३६,०००. तुम्ही १८,००० देत राहिलात तरी १,६२,००० अंगावर येऊ शकतात.

गिरगावची मुलगी: आमच्या चाळीत शेजारच्या काकूंचं कागदावर लायसन्सच होतं. त्या आजही राहतात, कोणी काढू शकलं नाही.

वकीलताई: त्यांचं लायसन्स १ फेब्रुवारी १९७३ ला चालू असणार. त्या दिवशी ताब्यात असलेल्यांना जुन्या मुंबई भाडे कायद्याने भाडेकरू मानलं. आजच्या करारांना ती सवलत नाही.

कोथरूडकर: मग हा अन्यायच आहे. तेच घर, तेच भाडं, आणि मालकाने कागदावर एक शब्द बदलला की कुटुंबाचं संरक्षण संपलं? गरजू माणूस समोर येईल त्या कागदावर सही करतो.

एक घरमालक: आणि आम्ही? कलम २४ नसतं तर मी फ्लॅट कुलूप लावून ठेवला असता, भाड्याने दिलाच नसता. आईच्या उपचारांसाठी जागा विकायची होती, मुदत संपूनही राहणारा हलेना. प्राधिकाऱ्याकडे गेलो म्हणूनच ताबा मिळाला.

ठाणेकर: आमचा करार फक्त नोटरी केलाय, नोंदणी नाही. ११ महिन्यांचा असला की लागत नाही म्हणाला एजंट.

वकीलताई: महाराष्ट्रात लागते, आणि कलम ५५ प्रमाणे ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींबद्दल तुमचं म्हणणं आधी ग्राह्य, उलट सिद्ध होईपर्यंत. त्यामुळे वादाला जागा आहे, पण मालक तरीही लेखी करारावर बोट ठेवेलच. त्यापेक्षा मार्चपर्यंतचा नवा करार करून नोंदवून घ्या.

कोथरूडकर: नोंदणी केली की हातातला एकमेव मुद्दाही गेला! मी तर सही करणार नाही.

ठाणेकर: मालकाशी रविवारी बोलतो. वाढीव भाडं मागितलं तर किती मान्य करावं?