मदत हवी आहे: १६ एमएम प्लेटला व्ही बटसाठी बेव्हल किती रुंद घ्यायचा? (अर्जंट)

शिरोली_फॅब
१६ एमएम एमएस प्लेट, सिंगल व्ही, ६० डिग्री. बेव्हलची रुंदी किती घ्यायची? ऑपरेटर म्हणतो १६ आली पाहिजे. ऑफिसातला नवा पोरगा म्हणतो ८. एक्सेलमध्ये घातलं तर मायनस ८९ येतंय. प्लेट पग मशीनखाली लावून ठेवलीय, क्रेन दुपारनंतर मिळणार नाही. कोणीतरी आकडा सांगा पटकन.

आडवा_उभा
सोपं आहे. जाडी गुणिले टॅन ६०. १६ × १.७३ = २७.७ एमएम. मार्किंग करा आणि कापा.

निवृत्त_फिटर
थांबा, कापू नका! ६० हा एका बाजूचा की दोन्ही बाजू मिळून? रूट फेस किती ठेवायचाय? गॅप किती? मागून वेल्डिंगला हात जातो का? एवढं कळल्याशिवाय आकडा देणं म्हणजे अंदाज.

वेल्ड_गणेश
सोळाच्या प्लेटला साधारण ११ एमएमचा फिलेट बसतो, ०.७ ने गुणायचं. एवढं टेन्शन कशाला घेता?

निवृत्त_फिटर
गणेशराव, फिलेटचं इथे कोणी विचारलंच नाही. बट आहे.

शिरोली_फॅब
ड्रॉइंगवर व्हीच्या खुणेजवळ ६० लिहिलंय. रूट फेस २, गॅप ३. आर्क वेल्डिंग. बंकरचा तळ आहे, मागून हात जात नाही. हे सगळं सांगायला लागतं होय?

निवृत्त_फिटर
लागतं. ड्रॉइंगवर व्हीच्या खुणेत लिहिलेला कोन हा दोन्ही प्लेट मिळून तयार होणाऱ्या खोबणीचा असतो. म्हणजे एका प्लेटला ३०. टॉर्च उभ्या रेषेपासून ३० ला कलवायचा. वरचे २७.७ धरून कापलं असतं तर व्ही १२० डिग्रीचा उघडला असता आणि तो भरता भरता इलेक्ट्रोडची पेटी संपली असती.

आता रुंदी. रूट फेसचे २ एमएम कापायचेच नाहीत, म्हणून बेव्हलची खोली १६ − २ = १४. आडवी रुंदी १४ × टॅन ३० = १४ × ०.५७७ = ८.१. दोन्ही बाजूंचे ८.१ आणि मधला गॅप ३ मिळून वरून खोबण साधारण १९ एमएम रुंद दिसेल.

ऑपरेटरही चुकीचा नाही. तो कापलेल्या तिरक्या पृष्ठावर टेप लावून मोजतो. ती लांबी १४ भागिले कॉस ३०, म्हणजे १६.२. तुमचा पोरगा प्लेटच्या वरच्या तोंडावर कडेपासून आडवं मोजतोय, म्हणून ८. मार्किंग मात्र ८ वरच करायचं.

शिरोली_फॅब
म्हणजे दोघं सकाळपासून एकच गोष्ट घेऊन भांडत होते! आणि ते मायनस ८९?

कोन_मोजे
एक्सेलला डिग्री कळत नाही, तो ३० हा आकडा रेडियन समजतो. हे टाका:

```
=(16-2)*TAN(RADIANS(30))
```

८.०८ येईल.

आडवा_उभा
ओके, ६० चा घोटाळा मान्य. पण रूट फेस वजा करायची गरज काय? आमच्याकडे सरळ धार येईपर्यंत पूर्ण १६ चा बेव्हल मारतात, ९.२ एमएम. मग ग्राइंडरने धार मारून २ चा रूट फेस काढतात. कामं पास होतात.

निवृत्त_फिटर
पास होतात, पण प्लेट आखूड होते हे कोणी मोजत नाही. धार प्लेटच्या खालच्या कडेला असते. तिथून २ एमएम उंचीचं उभं तोंड काढायला २ × ०.५७७ = १.१५ एमएम मागे घासावं लागतं. दोन्ही प्लेट मिळून २.३. छोट्या ब्रॅकेटला चालतं. प्लेट ठराविक मापात कापून आणलेली असेल, तर मग फिटर गॅप ३ ऐवजी ५ ठेवून माप भरून काढतो आणि रूट गळून पडतो. धार काढायचीच असेल तर प्लेट प्रत्येक बाजूला १.१५ ने मोठी कापा.

आडवा_उभा
पगवर थेट २ चा रूट फेस ठेवून कापणं सगळ्यांना जमत नाही. प्लेट थोडी पोटातून वाकलेली असली की रूट फेस एका टोकाला १ आणि दुसऱ्याला ३ येतो. धार काढून घासलं की निदान सगळीकडे सारखं मिळतं.

निवृत्त_फिटर
हे मात्र खरं. प्लेट सपाट नसेल तर तुमचीच पद्धत बरी, माप वाढवून.

साखर_मेकॅनिक
आमच्या कारखान्यात सीझनच्या तोंडावर रस टाकीचा तळ बदलला होता. मी कधीच कोन मोजला नाही, ग्राइंडरनेच व्ही काढायचो. १६ ला डबल व्ही करा, माल निम्मा लागतो.

निवृत्त_फिटर
काका, मागून हात जात नाही असं त्यांनी वर लिहिलंय. डबल व्ही कुठून भरणार? मागून जात नाही म्हणूनच तर रूट फेसला महत्त्व आहे. ४ राहिला तर खाली आर्क पोहोचत नाही, ० राहिला तर भोक पडतं. बॅकिंग पट्टी लावली असती तर रूट फेस जवळजवळ शून्य आणि गॅप मोठा, म्हणजे आकडेच बदलले असते.

शिरोली_फॅब
टेस्ट पीस कापला. टॉर्च स्केलवर ३० ला आहे, रूट फेस २ मिळाला, पण आडवी रुंदी ८ ऐवजी ७ येतेय. मार्किंग चुकलं का?

कोन_मोजे
१४ खोलीला ७ रुंदी म्हणजे टॅन ०.५. कोन साडेसव्वीसच्या आसपास. दोन्ही मिळून ५३.

निवृत्त_फिटर
बरोबर. पण नुसत्या रुंदीवर निकाल देऊ नका. रूट फेस मोजलाय ना, म्हणून कळलं. कोन बरोबर ३० असता आणि रुंदी ७ आली असती, तर रूट फेस जवळजवळ ४ निघाला असता. १ एमएम रूट फेस चुकला तर रुंदी अर्ध्या एमएमहून थोडी जास्त सरकते, आणि एक डिग्री चुकली तर ०.३ च्या आसपास. दोन्ही मोजा, मगच बोट दाखवा.

तुमच्या बाबतीत कोन बिघडलाय. पगच्या टॉर्च होल्डरवरच्या खुणांवर विश्वास ठेवू नका. टॉर्च शून्यावर लावून प्लेटला गुण्याने तपासा, तिथेच तीन-साडेतीन डिग्री फरक दिसेल. बेव्हल प्रोट्रॅक्टर लावून सेट करा आणि पुन्हा एक तुकडा कापा. नोझल निवडताना १६ नव्हे, १८-१९ एमएमचा धरा. ज्योतीला तिरकं जावं लागतं.

आडवा_उभा
५३ चालेल की. अरुंद व्हीमध्ये माल कमी लागतो, प्लेट कमी वाकते.

निवृत्त_फिटर
आर्कने रूट मारताना ३.१५ चा इलेक्ट्रोड तळाला नीट फिरवायला जागा पाहिजे. अरुंद झाला की बाजूच्या भिंतीला स्लॅग अडकतो. ड्रॉइंगवर टॉलरन्स असेल तर तो पाहा, माझं मत सोडा.

शिरोली_फॅब
टॉलरन्स लिहिलेलं दिसत नाही. डब्ल्यूपीएस क्लायंटकडून मागवलाय. टॉर्च गुण्याला लावला, खरंच वाकडा निघाला. क्रेनवाला येरझाऱ्या घालतोय.

साखर_मेकॅनिक
क्रेन कुठल्या टनाची आहे?