इटॉप्समधली ‘१८० मिनिटं’ नेमकी कसली?

रिमझिम: समुद्रावरून जाणाऱ्या दोन इंजिनांच्या विमानांवरचा एक लेख मराठीत आणतेय. इटॉप्स म्हणजे विमानतळांपासून दूरच्या मार्गांवर अशी विमानं उडवण्याचे नियम. त्यात बिघाड झाल्यावर वाटेतल्या विमानतळाकडे वळण्यासाठी ‘डायव्हर्जन टाइम १८० मिनिटे’ असं आहे. मी ‘एका इंजिनावर उडण्याची कमाल वेळ’ असं लिहिलंय. चालेल?

पानगळ: चालेल की. एक इंजिन बंद पडलं, तर उरलेल्याची तीन तासांची हमी असते.

उत्तरवारा: नाही हो, उरलेलं इंजिन १८१व्या मिनिटाला थांबत नाही. उडताना इंजिनं किती वेळा बंद पडतात ते पाहूनच मंजुरी मिळते, एवढं पानगळ यांचं बरोबर. पण ही मिनिटं नकाशावर मोजतात. कंपनी एका इंजिनावरचा एक वेग मंजूर करून घेते. समजा, तो ताशी ४०० सागरी मैल आहे. वारा शून्य धरून तीन तासांत १,२०० मैल होतात. अटलांटिकच्या वाटेवरच्या शॅनन, केफ्लाविक, गँडर अशा विमानतळांभोवती तेवढ्या त्रिज्येची वर्तुळं काढतात आणि मार्ग त्यांच्या आतच ठेवतात.

रिमझिम: अटलांटिकवर वारा शून्य कसा धरतात?

उत्तरवारा: वर्तुळापुरताच धरतात. वळल्यावर समोरून ५० मैलांचा वारा लागला तर वेग ३५० उरतो आणि तेच अंतर कापायला सुमारे २०६ मिनिटं लागतात. त्यात नियमभंग नाही. खरा वारा इंधनाच्या हिशेबात येतो. दोन विमानतळांना सारखाच वेळ लागेल असा मार्गावरचा बिंदू काढतात. तिथेच केबिनमधला दाब गेला आणि १०,००० फुटांवर उतरून जावं लागलं तरी इंधन पुरलं पाहिजे. खाली ते फार जळतं.

प्रवासपक्षी: आमचंही विमान धुक्यामुळे दुसऱ्या शहरात वळवलं होतं. तीन तास कुठले, चाळीस मिनिटांत उतरलो!

उत्तरवारा: ते मुक्कामाच्या ठिकाणाला पर्याय म्हणून ठेवलेलं विमानतळ. इथला प्रश्न वाटेतल्या पर्यायाचा आहे.

पानगळ: इंजिनाची हमी नाही, तर मग १८०च का?

उत्तरवारा: मालकक्षातली आग दाबून ठेवणारा वायू किती वेळ पुरतो, हीसुद्धा एक सीमा आहे. १८० मिनिटांसाठी तो १९५ मिनिटं पुरावा लागतो. वरची १५ मिनिटं उतरण्यासाठी. आधी विमानाच्या प्रकाराला मंजुरी, मग कंपनीला वेगळी. अमेरिकेत १९८५ मध्ये १२० मिनिटं मिळाली, १९८८ मध्ये १८०.

रिमझिम: पण समोरच्या वाऱ्यात २०६ मिनिटं लागली तर वायू आधीच संपेल!

उत्तरवारा: आग लागली तेव्हा दोन्ही इंजिनं चालू असतात. वेग ४६० धरा. वारा वजा करून ४१० उरतो आणि १,२०० मैलांना सुमारे १७६ मिनिटं लागतात. वारा आणखी वाढला तर मात्र हाताशी जादा वेळ उरत नाही. म्हणून १८०च्या पुढच्या मंजुऱ्यांत हा हिशेब त्या दिवसाच्या अंदाजातल्या वाऱ्यासह करावा लागतो.

रिमझिम: मग ‘वळण-मर्यादा’ लिहू?

पानगळ: त्यातून वेळ कळत नाही. ‘वळण-अवधी’ बरा.

उत्तरवारा: अवधी म्हटलं की वाचक घड्याळच बघेल. मला ‘मर्यादा’ पटतो.