जळगाव–धुळे सायकलने: समोरच्या वाऱ्यात किती तास धरावेत?

गिरणाकाठ: जूनच्या पहिल्या आठवड्यात जळगावहून एरंडोल, पारोळामार्गे धुळ्याला सायकलने जायचे आहे. अंतर सुमारे 90 किलोमीटर आहे. वारा नसताना सपाट रस्त्यावर माझा वेग ताशी 25 असतो. मात्र त्या दिवसांत पश्चिमेचा वारा थेट तोंडावर येतो. अंदाजात दुपारचा वारा ताशी 24 किलोमीटर दिसतो. वेळ कसा काढावा?

पारोळेकर: 25 मधून वाऱ्याचे 24 वजा करू नका, अर्धेच वजा करा. शिवाय परत येताना तोच वारा पाठीवर असल्याने हिशेब बरोबरीत सुटतो.

तापीखोरे: अर्ध्याचा आडाखा ठीक आहे, पण तो कोणत्या आकड्याला लावायचा हे महत्त्वाचे आहे. हवामानाच्या अंदाजातला वारा जमिनीपासून 10 मीटर उंचीवरचा असतो, आणि उघड्या शेतांमधून जाणाऱ्या रस्त्यावर आपल्या छातीच्या उंचीला त्याचा साधारण 60 टक्केच जोर उरतो. म्हणजे 24 चे साधारण 14 झाले आणि तेवढाच दम लावून तुमचा वेग 18 च्या आसपास येईल. मात्र परतीची बरोबरी होत नाही. 90 किलोमीटर 18 ने गेलात तर 5 तास लागतात. येताना 35 चा वेग मिळाला तरी सुमारे 2 तास 35 मिनिटे लागतात. बिनवाऱ्याच्या दिवशी दोन्ही मिळून 7 तास 12 मिनिटे झाली असती, इथे साडेसात तासांच्या वर गेली, कारण संथ वेगात आपण जास्त वेळ घालवतो.

म्हणून पहाटे 5 ला निघा. वारा तेव्हा बहुधा मंद असतो, तो ताशी 5 धरला तर साडेबावीसच्या वेगाने साडेसातपर्यंत पारोळ्याला पोहोचाल. उरलेल्या 35 किलोमीटरला 18 ने जवळपास 2 तास, आणि थांबण्याची 40 मिनिटे. साडेदहा धरून चला.

चाळीसगावची: मला कन्नड घाट चढायचा आहे. तिथेही वेग अर्धा धरावा का?

तापीखोरे: नाही, ताई, घाटात वेग इतका कमी होतो की वाऱ्यापेक्षा वजन अधिक नडते. सायकलसह 85 किलो वजन आणि गिरणाकाठ यांच्याइतकाच दम असेल, तर तीव्र चढावर तासाला सुमारे 450 मीटर उंची चढता येते. घाटाची उंची त्या हिशेबाने भागावी, किलोमीटर मोजत बसू नये.

गिरणाकाठ: माझा 25 चा वेग 40 किलोमीटरच्या फेरीतला आहे आणि तोही दोघांनी आळीपाळीने पुढे राहून मिळालेला. अ‍ॅप या रस्त्यावर एकूण 400 मीटर चढही दाखवते.

तापीखोरे: मग आधी एकट्याने, वारा नसताना, 3 तास चालवून पाहा आणि शेवटच्या तासाचा वेग पायाला धरा. त्या तासात तो 22 वर आला, तर वरचे सगळे वेग खाली आणावे लागतील.

पारोळेकर: 400 मीटर चढाचा तर तासभर वेगळा धरावा लागेल.

तापीखोरे: एवढा नको. लहान उतार बरेचसे परत देतात, आणि अ‍ॅपचा चढ अनेकदा फुगलेला असतो. मी 20 मिनिटे धरतो; इथल्या दुसऱ्या कोणी मोजून पाहिले असल्यास कळवावे.