बिल्डरच्या माणसाचा कॉल न सांगता रेकॉर्ड केला, चुकलं का? (सोसायटी पुनर्विकास, नौपाडा)

नौपाडाकर: आमची बिल्डिंग पुनर्विकासात आहे. बिल्डरच्या ऑफिसातला माणूस फोनवर मला म्हणाला, "सध्याच्या कार्पेटवर ३५ टक्के जास्त, बाल्कनी वेगळी." करारनाम्याच्या मसुद्यात २८ टक्के आहेत, तेही बाल्कनी धरून. माझ्या फोनवर कॉल आपोआप रेकॉर्ड होतात, त्याला मी काही सांगितलं नव्हतं. हे रेकॉर्डिंग सोसायटीच्या ग्रुपवर टाकू का? आणि रविवारची कमिटीची मीटिंग रेकॉर्ड करायची तर सगळ्यांची परवानगी लागेल का?

घोडबंदर_रोज_ट्रॅफिक: बिनधास्त टाका. तुमचा फोन, तुमचा कॉल. बिल्डर लोक तोंडी काय वाट्टेल ते बोलतात आणि कागदावर हात वर करतात. एकदा ऐकवलं की सगळी बिल्डिंग जागी होईल.

निवृत्त_सेक्रेटरी: अहो, असं कसं टाकायचं? तो माणूस पगारी नोकर. त्याच्या नकळत रेकॉर्ड करून पन्नास घरांत वाजवायचं, हे मला पटत नाही. मी बरीच वर्षं सोसायटीचं काम पाहिलंय. फोन टेबलावर उलटा ठेवलेला दिसला की माणसं बोलायची बंद होतात. आणि गुपचूप रेकॉर्डिंग हा गुन्हा आहे, असं माझ्या वाचनात आहे.

सानपाडा_डाउन_लोकल: काकांशी सहमत. माझ्या फोनवर रेकॉर्डिंग चालू केलं की बाई बोलते, समोरच्यालाही ऐकू जातं. कायद्याने सांगणं बंधनकारक असल्याशिवाय कंपनी एवढा उद्योग कशाला करेल?

कोर्टनाका: त्या बाईचा आवाज हा कंपनीचा निर्णय आहे. कंपनी तोच फोन अशा देशांतही विकते जिथे सगळ्यांची संमती लागते, म्हणून सरसकट घोषणा. आपल्याकडे काही फोन आजही मुकाट्याने रेकॉर्ड करतात. ज्या बोलण्यात तुम्ही स्वतः आहात ते रेकॉर्ड करणं आपल्याकडे एरवी गुन्हा ठरत नाही. मुंबईच्या कोरोनरचा, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याचा, लाचेचा जुना खटला आहे, आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य. त्यात एका डॉक्टरच्या संमतीने पोलिसांनी त्याच्या फोनला टेप जोडला होता. पलीकडच्या कोरोनरला पत्ता नव्हता, तरी सुप्रीम कोर्टाने ती टेप पुराव्यात घेतली. मुद्दा हा, की बोलणाऱ्यांपैकी एकाला माहीत होतं.

उद्या तुम्ही फोन रेकॉर्डिंगवर लावून कमिटीच्या खोलीत "विसरलात" आणि बाहेर जाऊन चहा प्यायलात, तर गोष्ट बदलली. ते बोलणं तुमचं नाही, बोलणाऱ्यांपैकी कुणाची संमती नाही, ते चोरून ऐकणं झालं. दुसऱ्याच्या कॉलमध्ये शिरणं तर त्याहून वाईट, त्याला टेलिकॉम कायद्यात शिक्षा आहे.

आता ग्रुपचं. रेकॉर्ड करणं एक आणि वाजवणं दुसरं. ग्रुपवर टाकलेली फाइल संध्याकाळपर्यंत गडकरी रंगायतनच्या कट्ट्यावर पोचते. त्या माणसाचं नाव, आवाज, मध्येच त्याने साहेबाबद्दल काढलेले उद्गार, सगळं. बदनामीची नोटीस आली तर ती ग्रुपला येत नाही, टाकणाऱ्याला येते. शिवाय तुमचाच पुरावा कच्चा होतो. लोक नेमके कामाचे चाळीस सेकंद कापून टाकतात आणि पुढे "फिरवून जोडलंय" हे म्हणायला समोरचा मोकळा. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या साक्ष कायद्यात कलम ६३ खाली प्रमाणपत्र द्यावं लागतं. त्यात फोन कुठला ते लिहायचं आणि फाइलचा हॅश, म्हणजे आकडे-अक्षरांतला ठसा, द्यायचा. फाइल सेकंदभर कापली तरी ठसा बदलतो. म्हणून मूळ फाइल त्याच फोनमध्ये, न कापता, नाव न बदलता ठेवा. फोन एक्स्चेंजमध्ये देऊ नका.

घोडबंदर_रोज_ट्रॅफिक: म्हणजे पुरावा आहे पण दाखवायचा नाही. मग उपयोग काय? आणि आधी सांगून रेकॉर्ड केलं तर तो "बघू, साहेबांशी बोलतो" यापलीकडे काही बोलणारच नाही.

कोर्टनाका: बोलणार नाही, बरोबर. म्हणून अशा कॉलनंतर तासाभरात एक मेसेज टाकायचा: "आज फोनवर आपण सांगितलंत की सध्याच्या कार्पेटवर ३५ टक्के जास्त आणि बाल्कनी वेगळी. मसुद्यात २८ टक्के, बाल्कनीसह लिहिलं आहे. माझ्या समजण्यात चूक असेल तर उद्यापर्यंत कळवा." इथे गुपचूप काहीच नाही. त्याने "हो" म्हटलं तर रेकॉर्डिंगची गरज उरली नाही. "मी असं म्हणालोच नाही" म्हटलं तर रेकॉर्डिंग वकिलाला द्या, वाजवायचं कुठे ते तो ठरवेल. तोंडी ३५ टक्क्यांनी करारातले २८ आपोआप बदलत नाहीत, हेही लक्षात ठेवा. सहीच्या आधी मसुदा दुरुस्त करून घेणं हेच खरं काम.

ऐरोली_नाइटशिफ्ट: थोडं वेगळं, पण माझ्याकडे उलट झालंय. क्लायंट कॅलिफोर्नियात. आमच्या टीममधला एकजण मिनिट्स लिहायला सोपं जावं म्हणून मीटिंग आपल्या फोनवर रेकॉर्ड करायचा. क्लायंटच्या कानावर गेलं आणि त्यांच्या वकिलाचं पत्र आलं. तिकडे खासगी बोलण्याला सगळ्यांची संमती लागते. तुम्ही ऐरोलीत बसलात म्हणून सुटत नाही. आता आम्ही आधी विचारतो, मग बटण दाबतो आणि "हो" रेकॉर्डिंगमध्ये परत वदवून घेतो. कुणी दहा मिनिटांनी जॉइन झालं तर त्यालाही सांगायचं. हेच राहून जातं.

खारीगावची_ताई: रविवारच्या मीटिंगचं कुणीच बोललं नाही. सोसायटीच्या सभेचं शूटिंग तर आता सक्तीचं आहे ना? आमच्याकडे रजिस्ट्रार ऑफिसचा माणूस आला होता, कॅमेरा होता.

कोर्टनाका: ताई, ती बिल्डर निवडीची विशेष सभा असणार. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९अ खालच्या ४ जुलै २०१९ च्या निर्देशांत त्या सभेचं चित्रीकरण आहे. दर महिन्याच्या कमिटी मीटिंगला ते लागू नाही. नौपाडाकर कमिटीत असतील तर ते त्या बोलण्याचा भाग आहेत, रेकॉर्ड केलं म्हणून पोलीस येणार नाहीत. पण इथे सांगूनच करा. सभेच्या नोटिशीत एक ओळ घाला: "विषय ३, पुनर्विकास करार, याचे ध्वनिमुद्रण केले जाईल." सुरुवातीला अध्यक्षांनी तेच मोठ्याने म्हणायचं, फोन सगळ्यांना दिसेल असा मध्ये ठेवायचा. मूळ फाइल कुणाकडे राहणार, प्रत कुणाला मिळणार आणि किती दिवस ठेवणार, तेही तेव्हाच ठरवायचं.

निवृत्त_सेक्रेटरी: आणि कुणी नको म्हटलं तर? आमच्याकडे थकबाकीच्या विषयात एका घरचं आजारपण निघालं होतं. ते रेकॉर्डवर राहिलं असतं तर त्या बाई पुन्हा सभेला आल्या नसत्या.

कोर्टनाका: काका, म्हणूनच फक्त विषय ३ म्हटलं. थकबाकी आली की बंद करायचं आणि "११ वाजून २० मिनिटांनी बंद केले" असं बोलून बंद करायचं, म्हणजे मधला तुकडा गाळला असं कुणी म्हणणार नाही. एखाद्याचा विरोध असेल तर इतिवृत्तात नोंदवा. त्याच्या एकट्याच्या विरोधाने थांबायचं की बहुमताने चालू ठेवायचं, यावर मी इथे ठाम उत्तर देणार नाही. मी असतो तर थांबलो असतो आणि त्या विषयाचं इतिवृत्त तिथल्या तिथे वाचून सह्या घेतल्या असत्या.

घोडबंदर_रोज_ट्रॅफिक: मी नसतो थांबलो. ज्याला लपवायचं असतं तोच विरोध करतो.

निवृत्त_सेक्रेटरी: सगळेच नाही हो. काहीजण नुसते घाबरतात.

नौपाडाकर: ग्रुपवर टाकलं नाही. मेसेज पाठवला, निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. तासाभराने त्यानेच फोन केला: "साहेब, हे लिहून कशाला, समोरासमोर बोलू." मी म्हटलं, या, पण मी रेकॉर्ड करणार, चालेल ना? म्हणाला, विचारून सांगतो.

कोर्टनाका: मग त्याच्यासोबत त्याच्या साहेबालाही बोलवा आणि मसुदा पुढ्यात ठेवा.