मदत हवी आहे: आजोबांच्या पंचाहत्तरीसाठी नातवाचा व्हिडिओ

पुढच्या रविवारी साताऱ्याला माझ्या बाबांची पंचाहत्तरी आहे. आम्हाला न्यू जर्सीहून जाता येत नाही, म्हणून ९ वर्षांचा मुलगा व्हिडिओ पाठवणार आहे. ७५ दिव्यांनी औक्षण झालं की तो टीव्हीवर लावतील.

आधी मी दीड पानी मजकूर रोमन लिपीत लिहून दिला. वाचताना त्याची नजर कागदावर फिरत राहिली आणि ‘ळ’ चा सगळीकडे ‘ल’ झाला. बाबांना कमी ऐकू येतं, त्यामुळे घाईत म्हटलेलं त्यांच्यापर्यंत पोहोचणारच नाही. आता पाठांतर न करता चारच वाक्यं ठेवली आहेत:

“आजोबा, नमस्कार करतो. तुम्ही मला विहिरीत पोहायला शिकवलंत. आता मी इथे तलावाच्या दोन फेऱ्या न थांबता मारतो. आजी, तू काठावर टॉवेल घेऊन उभी असायचीस, ते मला आठवतं.”

यापुढे अडलंय. “वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा” त्याच्या तोंडी फार छापील वाटतं. नऊ वर्षांचं पोर आजोबांना सहज म्हणेल असं शेवटचं वाक्य सुचवाल का? शक्यतो जोडाक्षरं कमी असलेलं.